बरोबरच्या खुणांचा तक्ता

आज तौलनिक धर्माच्या चर्चासत्रातून घरी आले ती डोकं तापवूनच. चहा ठेवला, तोही उतू गेला. म्हटलं, आधी लिहून टाकावं.

विषय होता गूढानुभव. एका वक्त्यांनी पडद्यावर तक्ता दाखवला. डावीकडे नावं: ज्ञानेश्वर, तुकाराम, संत तेरेसा, इस्लामी पंडित अल्-गझाली, बौद्धांचा झेन हा ध्यानपंथ. वर चार रकाने. अनुभव शब्दांत सांगता येत नाही, त्यातून काहीतरी कळल्याची खात्री पटते, तो थोडाच वेळ टिकतो, आणि तो आपण आणत नाही, तो येतो. प्रत्येक चौकटीत हिरवी बरोबरची खूण. शेवटी डोंगराचं चित्र, सगळ्या वाटा एकाच शिखराला. टाळ्या! मग दुसरे एक गृहस्थ उठले आणि म्हणाले, हा सगळा मेंदूतल्या रसायनांचा खेळ आहे. त्यांनाही टाळ्या. त्याच लोकांच्या.

हे चार रकाने अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सचे. १९०१-०२ मध्ये एडिंबरोला त्याने जी व्याख्यानं दिली, त्यांत त्याने ही चार लक्षणं मांडली. माणूस सावध होता. पहिली दोन असली की गूढानुभव म्हणावं, उरलेली दोन बहुधा सापडतात, इतकंच तो म्हणाला. रकाने म्हणजे शिखर, असं तो कुठेही म्हणालेला नाही. पण तक्ता भरायचा असला की एवढं कोण वाचतंय?

मला आठवत राहिली ती माझी आत्या. फलटणकडची. कांद्याच्या वाफ्यात खुरपत बसली होती, दुपारची वेळ. तिच्या शब्दांत, “हात खुरपत हुतं, पर खुरपणारी कुनी न्हवती.” ऊन, माती, कांद्याची पात, सगळं एकच. किती वेळ, ते तिला सांगता आलं नाही. शेजारच्या बाईने हाक मारली तेव्हा ती रडत होती आणि का रडतेय ते तिला ठाऊक नव्हतं. कित्येक वर्षं तिने हे कुणालाही सांगितलं नाही. मी एम. ए. करत असताना एका रात्री अंगणात मला सांगितलं. मी अधीर होऊन विचारलं, विठ्ठल दिसला का? ती म्हणाली, “इठ्ठल कुठला गं? बघाया मी तरी कुठं हुते?”

आता तिलाही तक्त्यात बसवा. चारही खुणा पडतील. आणि तिच्याबद्दल काय कळलं? काहीच नाही. माझा राग तिथे आहे.

एक प्रसंग नीट बघा. ब्लेझ पास्कल, गणिती, वय ३१. २३ नोव्हेंबर १६५४ ची रात्र, साधारण साडेदहापासून मध्यरात्रीनंतर अर्ध्या तासापर्यंत. त्याने कागदावर लिहिलं: अग्नी. मग: अब्राहमाचा देव, इसहाकाचा देव, याकोबाचा देव, तत्त्वज्ञांचा आणि पंडितांचा नव्हे. मग खात्री, खात्री. आनंद, आनंद, आनंद, आनंदाचे अश्रू. ते लिखाण त्याने आपल्या कोटाच्या अस्तरात शिवून ठेवलं आणि कुणाला सांगितलं नाही. १६६२ मध्ये तो वारला, त्यानंतर नोकराला ते सापडलं.

चारही लक्षणं आहेत की नाही? आहेत. वेळ तर त्याने स्वतःच लिहून ठेवली, दोन तास. पण त्याच कागदावर त्या दिवशी कोणत्या संताचा सण होता, उद्या कोणाचा, तेही टिपलेलं आहे. देव आला तो बायबलातल्या बापजाद्यांचा देव म्हणून आला. तो नुसता ‘अनंत’ किंवा ‘एकत्व’ म्हणून आला नाही. उलट तत्त्वज्ञांचा तो नव्हेच, हे पास्कलने मुद्दाम लिहिलं. तक्त्यात ‘आनंद’ लिहून बाकीचं पुसलं की पास्कल उरतो कुठे?

१९७८ मध्ये स्टीव्हन कॅट्झ या गूढवादाच्या अभ्यासकाने नेमकं याच जागी बोट ठेवलं. त्याचं म्हणणं असं की कोरा, कशाचाही स्पर्श नसलेला अनुभव असा नसतोच. माणूस जे शिकलाय, ज्याची वाट बघतोय, ते अनुभव घडतानाच त्यात असतं, ते मागाहून चढवलेला रंग नसतं. त्याने यहुदी परंपरेचं उदाहरण दिलं. तिथे साधक देवाला बिलगून राहतो, पण विरघळत नाही, कारण निर्माता आणि निर्मिलेला यांत अंतर आहे हे त्याच्या हाडीमाशी मुरलेलं असतं.

मग आपला ज्ञानोबा बघा. ‘कानडा हो विठ्ठलु’ आपण भजनात, रेडिओवर, लग्नाच्या हॉलमध्येही ऐकतो, आणि ऐकून सोडून देतो. त्यात काय घडतंय ते सावकाश वाचा. ‘पाया पडूं गेलें तंव पाउलचि न दिसे.’ अभंगात बोलणारी ती वाकली, तर पाऊलच नाही. तो समोर आहे की पाठमोरा, तेही कळेना. मग ‘क्षेम देऊं गेलें तंव मीचि मी एकली.’ मिठी मारायला हात पसरले आणि मिठीत आपणच, एकटी. ‘शब्देंविण संवादु’ हे त्या आधीचं. म्हणजे शब्द गेले, मग पाऊल गेलं, मग दिशा गेली, मग दुसरा गेला. पायरीपायरीने एकेक वजा होत जातं, आणि तरी अभंग विठ्ठलाचाच राहतो. हे लिहिताना आत्ताही अंगावर काटा आला, खरंच सांगते.

आता आविलाची तेरेसा. (मदर तेरेसा नव्हे, सोळाव्या शतकातली स्पेनची.) तीही म्हणते की आत्मा देवाशी एक झाला की सगळ्या वृत्ती थांबतात, आणि तिच्या मते हे अर्धा ताससुद्धा टिकत नाही. पण तिला ‘मीचि मी एकली’ असं कधी होत नाही. तिच्याकडे शेवटपर्यंत दोघं आहेत, वधू आणि वर, आणि विवाह झाल्यावरही वर वरच राहतो. ज्ञानोबाच्या पसरलेल्या हातांत कुणी उरत नाही. ‘एकत्व’ हा एकच रकाना दोघांना लावलात तर दोघांवरही अन्याय.

इथे माझी आत्या पुन्हा आडवी येते, आणि ती कॅट्झला आडवी येते. जन्मभर वारी केलेली बाई. तिने वाट बघितली असेल तर विटेवरच्या मूर्तीची. आणि आलं काय? मूर्ती नाही, नाव नाही, कांद्याचा वाफा. शिकवण अनुभव घडवते म्हणता, तर तिला विठ्ठल का दिसला नाही? मी हे आज विचारलं. उत्तर आलं की ती जन्मभर ‘मीचि मी एकली’ ऐकत आली होती ना. बरं, मानते. ते उत्तर तोडता येत नाही. पण ज्या सिद्धांताला मूर्ती दिसली तरी चालतं आणि नाही दिसली तरी चालतं, त्याच्यावरही माझा पुरता भरवसा बसत नाही.

मेंदूवाल्या गृहस्थांना मात्र मी सोडणार नाही. आत्याच्या दिरानेही हेच म्हटलं होतं, “फिट आली आसंल, दवाखान्यात न्या.” अपस्माराच्या काही रुग्णांना असे अनुभव येतात, हे खरं आहे, नाकारत नाही. पण जेम्सने याचंही उत्तर देऊन ठेवलंय. विचार कुठल्या शरीरातून आला त्यावरून तो खरा की खोटा ठरत नाही. नास्तिकाचा विचारही शरीरातूनच येतो. फळ बघा, मूळ नको.

आणि हे फळ बघणं नुसतं जेम्सचं नाही. माझ्या मते परंपरांमध्ये खरं साम्य असेल तर ते इथे आहे, आणि तक्त्यात त्यालाच रकाना नव्हता. ज्यांना अनुभव येतो तेच त्याच्याकडे सगळ्यांत जास्त संशयाने बघतात. झेनमध्ये ध्यानात बुद्ध दिसला, प्रकाश दिसला, तर त्याला माक्यो म्हणतात, म्हणजे भुलवणारा भास. लक्ष देऊ नकोस, बसून राहा, एवढंच गुरू सांगतो. तेरेसाला ख्रिस्ताचं दर्शन व्हायला लागलं तेव्हा वरिष्ठांना वाटलं हे सैतानाचं काम. तिला आज्ञा झाली की दर्शन झालं की क्रूसाची खूण कर आणि मुठीने अपमानाची खूण दाखव. ज्याच्यावर जीव त्यालाच! तिने केलं. रडत केलं. सारखी खूण करायला नको म्हणून हातात क्रूसच धरून बसायची. आणि ख्रिस्ताने काय म्हणावं? आज्ञा पाळतेस ते बरोबर आहे.

मग दर्शन खरं की खोटं, हे ती ओळखायची कशावरून? स्वतःच्या कल्पनेतून आलेलं असेल तर ते माणसाला आहे तसंच ठेवतं, आणि खरं असेल तर बदलून जातं, असं तिचं साधं माप होतं. आयुष्याच्या उत्तरार्धात तिने लिहिलं की या सगळ्याचा उपयोग कामं, कामं जन्माला यावीत एवढाच. आणि तिने मठ उभे केले, खेचरांच्या गाडीतून फिरत, आजारी अंगाने.

अल्-गझालीचंही तेच. १०९५ मध्ये बगदादमधली सगळ्यात मानाची प्राध्यापकी सोडून गेला. त्याआधी महिनोन्‌महिने जीभ उचलेना, शिकवता येईना, अन्न जाईना. वैद्यांनी हात टेकले. नशेची व्याख्या माहीत असणं वेगळं आणि नशेत असणं वेगळं, असं त्याने नंतर लिहिलं. पण व्याख्या त्याने टाकून दिली नाही. परत येऊन धर्मशास्त्रावर ग्रंथच लिहिले. आणि जे घडलं ते घडलं, त्याचा तपशील विचारू नका, अशा अर्थाची ओळ देऊन तो गप्प बसला. आपल्याकडे तुकोबा तर थेटच बोलले, ‘बोले तैसा चाले’.

माझ्या आत्याच्या बाबतीत मूर्ती नाही, ग्रंथ नाही, गुरू नाही. पण बांधावरून जावेशी तिचं भांडण होतं, कोर्टापर्यंत गेलेलं, पिढीजात. त्या दुपारनंतर तिने ते सोडलं. जावेला हातभर बांध देऊन टाकला. घरातले सगळे तिच्यावर चिडले, माझे वडीलही चिडले. दिराला त्याचंही नवल वाटलं नाही. तो म्हणाला, फिटमुळे डोकं हललं.

मेंदूवाल्यांना मी एवढंच विचारते. त्या फिटीमुळे बांध सुटला असेल तर फिट म्हणा, हरकत नाही. पण बांध सुटल्याची नोंद तुमच्या कागदावर कुठे आहे?

आणि शिखरवाल्यांना: पुढच्या सत्रात मला पंधरा मिनिटं द्या. तो अभंग आणि तेरेसाचा अपमानाच्या खुणेचा प्रसंग मी शेजारी शेजारी वाचणार आहे. दोघांत सारखं काय आणि वेगळं काय, ते श्रोत्यांनी सांगावं. तक्ता मी दाखवणार नाही.