मोठ्या कुत्र्यासाठी गाडी घेताना आधी डिकीची उंची मोजा

घरात लॅब्रेडॉर, जर्मन शेफर्ड किंवा त्याहून मोठा कुत्रा असलेली ओळखीची माणसे गाडी बदलायला निघाली की बहुतेक वेळा एकच प्रश्न विचारतात: कोणती एसयूव्ही घेऊ? कुत्रा मोठा म्हणून गाडी उंच हवी, असे त्या प्रश्नातच गृहीत धरलेले असते, आणि माझा आक्षेप नेमका तिथेच आहे. गाडीची उंची रस्त्यावरच्या खड्ड्यांसाठी उपयोगी असेल, पण तीस-पस्तीस किलोच्या कुत्र्याला ती उंची रोज स्वतःच्या सांध्यांवर पेलावी लागते. माझे मत असे की आपल्याकडे सध्या सर्वाधिक खपणारा प्रकार, म्हणजे चार मीटरच्या आतली उंच एसयूव्ही, मोठ्या कुत्र्याच्या दृष्टीने सर्वांत गैरसोयीचा आहे. त्यापेक्षा ठेंगणी, लांबट, मागे सपाट जागा देणारी एमपीव्ही कितीतरी बरी.

कंपनीच्या माहितीपत्रकात ग्राउंड क्लिअरन्स असतो, डिकीचे लिटर असतात, परंतु डिकीचा काठ जमिनीपासून किती उंच आहे हा आकडा क्वचितच सापडतो. तो स्वतः मोजावा लागतो आणि त्यासाठी शिंप्याकडची टेपसुद्धा पुरते. सपाट जमिनीवर उभ्या असलेल्या गाडीचा मागचा दरवाजा उघडून दोन मापे घ्यावीत. पहिले, जमिनीपासून काठापर्यंतचे. दुसरे, काठापासून आतल्या तळापर्यंतचे. काठ उंच आणि तळ खोल असेल तर कुत्र्याला आधी वर चढावे लागते, मग आत खड्ड्यात उतरावे लागते, आणि बाहेर येताना तोच काठ आतल्या बाजूने पुन्हा ओलांडावा लागतो. काही गाड्यांत डिकीची फळी दोन उंचींवर बसवता येते. ती वरच्या खाचेत बसवली की तळ काठाच्या पातळीला येतो आणि कुत्र्यासाठी तीच जागा योग्य असते, भले लिटर थोडे कमी होवोत.

तरुण लॅब सत्तर-पंचाहत्तर सेंटीमीटर उंचीवर सहज उडी मारतो, त्यामुळे खरेदीच्या वेळी हा मुद्दा कोणाला पटत नाही. पण गाडी आठ-दहा वर्षे वापरायची असते आणि कुत्र्याचे उत्तरायुष्यही नेमके त्याच काळात येते. लॅब आणि जर्मन शेफर्ड या दोन्ही जातींत खुब्याच्या सांध्याचा आनुवंशिक दोष बराच आढळतो. शिवाय उडी मारून चढण्यापेक्षा उडी मारून उतरणे अधिक वाईट, कारण उतरताना सगळे वजन पुढच्या पायांवर आणि खांद्यांवर आदळते. कुत्रा गाडीतून उतरण्यापूर्वी काठाशी घुटमळू लागला, पुढचे पाय ठेवून मागे घेऊ लागला, की तो हट्ट करतो आहे असे समजू नये. त्याचे सांधे दुखत असण्याची शक्यता अधिक.

माझ्या आत्येबहिणीकडे नऊ वर्षांचा लॅब आहे, वजन तेहेतीस किलो. तिच्यासाठी आम्ही गाड्या पाहत होतो तेव्हा एका कॉम्पॅक्ट एसयूव्हीचा काठ 74 सेंटीमीटरवर निघाला आणि एका एमपीव्हीचा 62 वर. बारा सेंटीमीटरचा फरक म्हणजे फार काही नाही असे सेल्समनचे म्हणणे होते. उडी मारणाऱ्या कुत्र्यासाठी ते कदाचित खरेही असेल, पण हा कुत्रा रॅम्पवरूनच चढणार होता आणि रॅम्पच्या बाबतीत तेवढ्याने चित्र बदलते. दीड मीटरचा रॅम्प 74 सेंटीमीटरच्या काठाला लावला तर चढ जवळजवळ तीस अंशांचा होतो, 62 सेंटीमीटरच्या काठाला सुमारे चोवीस अंशांचा. तीस अंशांवर म्हातारा कुत्रा अर्ध्यावर थांबतो, पाय घसरतो, आणि एकदा घसरला की पुन्हा त्या फळीवर पाय ठेवत नाही. उंच गाडीला चोवीस अंशांचा चढ हवा असेल तर रॅम्प एक मीटर ऐंशी सेंटीमीटर लांब लागतो, तो जड होतो, आणि कुत्रा डिकीत बसल्यावर घडी केलेला रॅम्प ठेवायचा कुठे हा नवा प्रश्न उभा राहतो. ठेंगण्या गाडीला मात्र हाच लांब रॅम्प लावला तर चढ वीस अंशांवर येतो, आणि बहिणीच्या लॅबला तेवढाच मानवला.

रॅम्पला गाडीच्या मागे पावणेदोन मीटर मोकळी जागा लागते, ही गोष्ट सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी लावणाऱ्यांनी गाडी घेण्यापूर्वीच तपासावी. भिंतीला पाठ लावून गाडी उभी करण्याची सवय असेल तर मागचा दरवाजादेखील पुरता उघडत नाही. वर उघडणाऱ्या दरवाजाचा आपल्याकडे एक मोठा फायदा आहे: पावसात तो छत्रीसारखा वर राहतो आणि कुत्र्याला पुसून मगच आत घेता येते. बोलेरो किंवा स्कॉर्पिओ-एनसारखा कडेला उघडणारा दरवाजा ही सोय देत नाही. शिवाय त्याच्या बिजागऱ्या डाव्या बाजूला असतील तर रस्त्याकडेला गाडी लावल्यावर दरवाजा फुटपाथच्या बाजूला आडवा येतो, आणि कुत्र्याला रहदारीच्या बाजूने चढवावे लागते.

दरवाजाच्या चौकटीचेही माप घ्यावे. जर्मन शेफर्ड नराची खांद्याशी उंची 60 ते 65 सेंटीमीटर असते, ग्रेट डेन नराची किमान 80. काच तिरकी असलेल्या गाड्यांत तळाशी भरपूर जागा दिसते, पण वर छत मागे उतरत येते आणि कुत्र्याला सगळा प्रवास मान खाली घालून करावा लागतो. चौकटीची उंची निदान खांद्याच्या उंचीपेक्षा थोडी अधिक असावी. आडवे माप मात्र कुत्रा आडवा झोपवून घ्यावे, उभा करून नव्हे. मागची सीट जागेवर ठेवून कॉम्पॅक्ट एसयूव्हीच्या डिकीत पूर्ण वाढलेला लॅब पाय पसरून झोपू शकत नाही, आणि म्हणूनच आपल्याकडे बहुतेक कुत्रे शेवटी मागच्या सीटवरच बसतात.

याच कारणाने तिसरी रांग असलेल्या गाड्या मला अधिक योग्य वाटतात. अर्टिगाची तिसरी रांग दुमडून सपाट होते. रेनॉ ट्रायबरमध्ये ती रांग पूर्णपणे काढून घरी ठेवता येते, आणि गाडी तरीही चार मीटरच्या आत राहते; बहिणीने शेवटी हीच घेतली. इनोव्हा क्रिस्टाची तिसरी रांग दोन्ही कडांना उभी दुमडते, त्यामुळे लांबी मिळते पण रुंदी जाते. सीएनजीची टाकी डिकीत असलेली गाडी मात्र या कामासाठी बाद समजावी. आणि जिथे सीट बोल्टने पक्की केलेली आहे तिथे ती कायमची काढून टाकण्याआधी आरटीओमध्ये विचारून घ्यावे, कारण आरसीवर आसनसंख्येची नोंद असते.

धुण्याच्या बाबतीत लोक सीटच्या कव्हरवर भरपूर पैसे घालवतात आणि डिकीतल्या कार्पेटकडे पाहतही नाहीत. लॅबचे आखूड, ताठ केस त्या कार्पेटमध्ये सुईसारखे रुततात आणि व्हॅक्यूमने निघत नाहीत. ओला रबरी हातमोजा एकाच दिशेने ओढला तर मात्र त्यांच्या गुंडाळ्या होऊन येतात. डिकीसाठी त्या गाडीच्याच मापाचा, चारी बाजूंनी काठ असलेला रबरी ट्रे घ्यावा. तो गुळगुळीत नसावा, नाहीतर प्रत्येक वळणावर कुत्रा घसरतो. ट्रेखालची जागाही अधूनमधून उघडून पाहावी. डिकीच्या फळीखाली स्टेपनीचा खड्डा असेल तर ओल्या कुत्र्याचे पाणी शेवटी तिथे साचते. पावसाळ्यात गाडीला येणारा कुबट वास अनेकदा कुत्र्याचा नसून त्या खड्ड्यातल्या पाण्याचा असतो. जुनी गाडी घेणाऱ्यांनी तर फळी उचलून तिथे गंज आहे का हे पाहिल्याशिवाय व्यवहार करू नये. सीटसाठी साधे लेदरेट उत्तम. हवा खेळावी म्हणून बारीक छिद्रे पाडलेले महागडे लेदरेट मात्र टाळावे, कारण लाळ आणि केस त्या छिद्रांत जाऊन बसतात.

आता हवा. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो, म्हणजेच गाडीतल्या हवेत सतत बाष्प सोडतो. काचा बंद आणि एसी सतत आतलीच हवा फिरवणाऱ्या बटणावर असेल तर ही हवा दमट होत जाते आणि धापांचा उपयोग कमी होतो. मागच्या काचेवर धुके धरू लागले की बाहेरची हवा आत घेण्याची वेळ झाली असे समजावे. समोरून आत आलेली हवा बहुतेक गाड्यांत डिकीच्या कडेला, बंपरच्या आड लपलेल्या झडपांतून बाहेर पडते. तिथे गोधड्या, उशा आणि सामान कोंबले की मागची हवा थांबते.

मागच्या सीटवर कुत्रा बसवणाऱ्यांची अडचण वेगळी आहे. पुढच्या आणि मागच्या हेडरेस्टला बांधायचे झोळीसारखे कव्हर मधल्या कन्सोलच्या मागच्या एसी व्हेंटवर बरोबर पडदा धरते, आणि पुढे बसलेल्यांना गारठा वाजत असताना मागे कुत्रा तापत राहतो. व्हेंट छतात किंवा दरवाजांमधल्या खांबात असतील तर हा प्रश्न येत नाही. नसतील तर जाळीची खिडकी असलेले कव्हर घ्यावे. टेस्ट ड्राइव्हच्या वेळी मालकाने स्वतः मागे बसून, कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीवर हात धरून हवा पोहोचते का पाहावे. डिकी किंचित उघडी ठेवून गाडी चालवणे हा उपाय नव्हे. त्या फटीतून सायलेन्सरचा धूर, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, आत ओढला जातो.

उभ्या गाडीला मात्र कुठलीही रचना वाचवत नाही. अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उन्हात उभ्या गाडीचे तापमान तासाभरात सरासरी 22 अंश सेल्सिअसने वाढले, त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काच थोडी खाली ठेवल्याने फारसा फरक पडला नाही. पुण्यात एप्रिलमध्ये बाहेर 38 अंश असताना याचा हिशेब ज्याने त्याने करावा.

ट्रायबरची एक बाजू सांगायला हवी. तिचे इंजिन एक लिटरचे आहे आणि गाडी भरलेली असताना घाटात ते दमते. अशा वेळी चढावर एसी बंद करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. मागे कुत्रा असेल तर ती मोडावी लागते आणि खंबाटकी दुसऱ्या गिअरमध्ये निमूटपणे चढावा लागतो. ज्यांना दर आठवड्याला महाबळेश्वर गाठायचे आहे त्यांनी अधिक ताकदीच्या इंजिनाची, पण तशीच ठेंगणी गाडी शोधावी.