सारांश एक, अहवाल भलताच!

८४ पानांचा अहवाल. सारांश म्हणतो, 'प्रशिक्षणामुळे चुका ३० टक्क्यांनी घटल्या.' वा! मग पान ७१ वरचा निष्कर्ष कोणी लिहिला, भुताने? तिथे स्पष्ट म्हटलंय: प्रशिक्षण न घेतलेल्या गटातही चुका जवळपास तेवढ्याच घटल्या, त्यामुळे श्रेय प्रशिक्षणाला देता येत नाही. म्हणजे अख्ख्या अहवालाचा जीवच सारांशातून गायब!

हे होतं कसं, तेही सांगते. सारांश पहिल्या मसुद्याच्या वेळी लिहून ठेवायचा, नंतर आकडे बदलले तरी त्याला हातही लावायचा नाही. पुरावा हवाय? सारांशात ४१२ जणांची माहिती, आत २८७. बाद केलेले १२५ सारांशात अजून मजेत नांदतायत!

हे मी समासात लिहून पाठवलं. उत्तर काय? 'भाषा सुधारली आहे.' अहो, भाषेबद्दल कोण बोललं? 'घटल्या'चं 'लक्षणीयरीत्या घटल्या' केलंय! आणि 'श्रेय देता येत नाही' हे वाक्य? ते म्हणे 'नकारात्मक वाटतं'.

साहेब दोनच पानं वाचतात आणि पैसे मंजूर करतात. उरलेली ८२ पानं आम्ही काय झोप येत नाही म्हणून लिहिली?