भाकरी सोडायची नाही, वाटून खायची

"गरोदरपणात शुगर निघाली? भात, भाकरी, चपाती, फळं आजच बंद करा. चहात साखरेऐवजी गूळ घाला, रक्तही वाढतं. संध्याकाळी सातनंतर काही खाऊ नका. पपई, अंडी, मटण उष्ण, हात लावू नका. धारोष्ण दूध रोज प्या. एवढं पाळलं तर इन्सुलिनची वेळच येत नाही. सगळ्या गरोदर बहिणींना पाठवा."

मी कोल्हापुरात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते. हा मेसेज मला बहुतेक वेळा पेशंटच्या सासूबाईंच्या मोबाइलवर दिसतो. करवीर तालुक्यातल्या एका सुनेनं तो पंधरा दिवस अक्षरशः पाळला होता. तिला 27वा आठवडा होता आणि 75 ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर 158 आली होती. आपल्याकडे या तपासणीत 140 किंवा त्यावर आकडा आला की गरोदरपणातला मधुमेह धरतात.

तिचा दिवस असा होता. सकाळी गुळाचा चहा आणि चार खारी. दुपारी नुसती भाजी आणि कोशिंबीर. संध्याकाळी पावणेसातला आमटी आणि पुन्हा भाजी, मग थेट दुसऱ्या दिवशी आठला चहा. तिची उपाशीपोटीची साखर 98 होती आणि नाश्त्यानंतर दोन तासांनी 151. ही दोन्ही मर्यादेच्या वर आहेत, कारण उपाशीपोटी 95 च्या आत आणि जेवायला सुरुवात केल्यापासून दोन तासांनी 120 च्या आत साखर हवी असते. वजन दीड किलो उतरलं होतं आणि लघवीत कीटोन होते. तिच्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, मात्र खूश होत्या, कारण दुपारचा आकडा 96 आला होता.

हे कीटोन म्हणजे काय, तर पिठाचे पदार्थ मिळेनात म्हणून शरीर चरबी जाळायला लागल्याची खूण. पोटातलं बाळ आईच्या रक्तातून सतत ग्लुकोज घेत असतं, त्यामुळे गरोदर बाईला ही वेळ इतरांपेक्षा लवकर येते. म्हणूनच गरोदरपणात दिवसाला किमान 175 ग्रॅम कर्बोदकं घ्यायला सांगतात, मधुमेह असला तरी. हे पिठाचं वजन नव्हे, पिठातल्या कर्बोदकांचं. पातळ फुलक्यात साधारण 15 ग्रॅम असतात, वाटीभर भातात 35 ते 40. आपल्याकडची जाड ज्वारीची भाकरी 60-70 ग्रॅम पिठाची असते, तिच्यात 45 ते 50 येतात. म्हणजे एक भाकरी तीन फुलक्यांची झाली. "मी एकच भाकरी खाते" हे ऐकलं की मी आधी तिचा आकार हातानं दाखवायला सांगते.

मग 175 ग्रॅम खाऊन साखर आवरायची कशी? एका वेळी किती आणि कुठल्या वेळी, यावर बरंच ठरतं. वारेतून येणारी हार्मोन्स इन्सुलिनचा जोर कमी करतात आणि सकाळी त्यात शरीराच्या इतर हार्मोन्सची भर पडते. त्यामुळे जे पोहे संध्याकाळी बहुतेक पचून जातात, तेच नाश्त्याला साखर उडवतात. तिचं 151 गुळाच्या चहातून आणि खारीच्या मैद्यातून आलं होतं, आणि ते थोपवायला सोबत ना डाळ होती ना अंडं.

तिच्यासाठी ठरवलेली वाटणी अशी. सकाळी आठला मूगडाळीची दोन छोटी घावनं, एक उकडलेलं अंडं आणि बिनसाखरेचा चहा, सगळं मिळून 30 ग्रॅम. साडेदहाला ताक आणि एक छोटा पेरू, 15. एकला मध्यम भाकरी, मटकीची उसळ, पालेभाजी आणि काकडी, 50. साडेचारला मूठभर फुटाणे आणि चहा, 20. आठला दोन फुलके, डाळ, भाजी आणि दोन-तीन घास भात, 45. झोपायच्या आधी सव्वादहाला कपभर उकळलेलं दूध आणि अर्धा फुलका, 20. बेरीज 180. आधीपेक्षा ती कितीतरी जास्त खात होती, तरी आठवड्याभरात नाश्त्यानंतरचा आकडा 112 ते 118 वर आला आणि कीटोन गेले. मध्येच एकदा दुपारी 139 दिसला. विचारल्यावर कळलं, चिकू सोलून तिनं त्याच हातानं बोट टोचलं होतं. हात धुऊन पुन्हा घेतलं तर 114. वेळही पहिल्या घासापासून मोजायची असते, ताट उचलल्यापासून नाही. इथं बऱ्याच जणी चुकतात.

रात्रीचं दूध-फुलका आत्याबाईंना पटेना. पण सातला जेवून सकाळी आठपर्यंत म्हणजे तेरा तासांचा उपास होतो, आणि तिचे कीटोन मुख्यतः तिथलेच होते. ग्रहण पाळताना इन्सुलिन घेऊन दिवसभर उपाशी राहणाऱ्या बायका मी पाहिल्यात. तिथं तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते.

गुळावर बोलणं कोल्हापुरात अवघड, गुऱ्हाळं आपलीच. पण गुळाचा बहुतांश भाग साखरच आहे. चहातल्या दोन चमच्यांत लोह इतकं थोडं येतं की हिमोग्लोबिनला त्याचा उपयोग नाही, रक्तातल्या साखरेला मात्र तो साखरेसारखाच. काकवीचंही तेच. लोहाची गोळी चालू ठेवायची.

आता उष्ण पदार्थ. पपईची भीती कच्च्या पपईच्या चिकातून आली आहे आणि कच्ची टाळणं ठीकच. पूर्ण पिकलेल्या पपईत तो चीक जवळजवळ उरत नाही; वाटीभर फोडी फळाच्या वेळी चालतात. नीट शिजलेलं अंडं आणि मटण यांनी गर्भ पडत नाही, उलट साखर न वाढवणारं पोटभर अन्न हेच आहे. पांढरा रस्सा प्यायला हरकत नाही, त्याच्याबरोबर ताटात किती भात येतो ते बघायचं.

खरी भीती बाळगायची ती मेसेजनं प्यायला सांगितलेल्या गोष्टीची. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर पिळलेलं म्हशीचं फेसाळ दूध हा आपल्या गावचा अभिमान आहे, मलाही तो आवडतो. पण न उकळलेल्या दुधातून ब्रुसेला आणि लिस्टेरिया हे जंतू येऊ शकतात. लिस्टेरियामुळे आईला साधा ताप येतो आणि गर्भपात होऊ शकतो. कट्ट्यावरचं दूध घरी आणून उकळून प्यावं.

इन्सुलिनची वेळच येत नाही, या मेसेजमधल्या शेवटच्या दाव्याबद्दल या सुनेचंच सांगते. जेवणानंतरचे सगळे आकडे बसले, पण उपाशीपोटीची साखर 97 ते 101 वरून हलेना. रात्रीचं खाणं बदललं, जेवणानंतर पंधरा मिनिटं चालायला लावलं, तरी नाही. उपाशीपोटीचा आकडा रात्रभर यकृत किती साखर सोडतं त्यावर असतो, तिथं ताटाचा फारसा उपाय चालत नाही. 31व्या आठवड्यात डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन सुरू केलं. ते वारेतून बाळापर्यंत जात नाही. आत्याबाईंनी विचारलं, "मॅडम, मग आमचं पथ्य चुकलं म्हणायचं?" मी वही उघडून त्यांना दुपारचे आणि रात्रीचे आकडे दाखवले. त्यांनी ते बोट ठेवून एकेक वाचले आणि मग विचारलं, सुई पोटावर टोचायची की दंडावर.