दहा हजारांचा परिवार (कृपया मोजू नये)

अभिनंदन! तुमच्या कांदा-लसूण मसाल्याच्या ऑनलाइन दुकानात आज सकाळी #10000 नंबरची ऑर्डर पडली. आता वेळ दवडू नका. डिझाइन करणाऱ्या भाच्याला उठवा. लाल पार्श्वभूमी, सोनेरी फुगे, मधोमध ‘१०,०००’ आणि खाली ‘समाधानी ग्राहकांचा परिवार’ एवढं झालं की पोस्ट तयार. ‘समाधानी’ हवंच. कोणाला विचारलं होतं, असं कोणी विचारत नाही.

दुकान शॉपिफायवर असेल तर पहिल्या ऑर्डरला मुळात 1001 हा नंबर मिळतो, हे मनात आणू नका. म्हणजे ही तुमची नऊ हजारावी ऑर्डर. पण नऊ हजार फुग्यांवर शोभत नाही.

मुख्य पथ्य एकच: ऑर्डरची यादी एक्सेलमध्ये उघडू नका. आमच्या ओळखीच्या एका जोडप्याने ती उघडली आणि दिवाळीचा मूड घालवून बसले. त्यांचे आकडे त्यांचे त्यांच्यापाशी. आपण गोल आकडे धरू. समजा ९,००० ऑर्डरपैकी ४०० रद्द झाल्या. राहिल्या ८,६००. त्यातल्या १,३०० आरटीओ. (हे लायसन्सवालं आरटीओ नव्हे. कुरियरवाला दारापर्यंत गेला, घरात कोणी नव्हतं किंवा सीओडीचे पैसे द्यायची इच्छा उरली नाही, आणि डबा जायचं-यायचं भाडं तुमच्या डोक्यावर घालून परत आला, ते आरटीओ.) खरोखर घरात पोचलेल्या ऑर्डर ७,३००.

इथे थांबलात तरी इज्जत राहील. पण त्या जोडप्यातल्या वहिनींना शंका आली की ऑर्डर आणि ग्राहक एकच कसे? सौ. कुलकर्णी, कुलकर्णी काकू आणि एस. कुलकर्णी ही तिन्ही नावं एकाच घरातली. मग त्यांनी नावं सोडून मोबाइल नंबर धरले. तिथे एकाने +91 लावलेलं, दुसऱ्याने आधी शून्य, तिसऱ्याने मध्ये मोकळी जागा. एक्सेलला हे तीन वेगळे ग्राहक वाटतात, आणि तुम्हालाही वाटू द्या. हे सूत्र तर चुकूनही लिहू नका, कारण ते मोकळ्या जागा काढून शेवटचे दहाच अंक ठेवतं:

```
=RIGHT(SUBSTITUTE(A2," ",""),10)
```

त्या रकान्यातले दुबार नंबर काढले की समजा ४,४६० उरतात. त्यातले साठेक तुम्ही, तुमची बहीण, बाकीचे नातेवाईक-मित्र, आणि पेमेंट चालतंय का बघायला ‘टेस्ट टेस्ट’ नावाने एक रुपया भरणारा वेबसाइटवाला. राहिले ४,४००.

हा आकडाही पक्का नाही, आणि गंमत म्हणजे उलट बाजूनेही नाही. कोथरूडच्या कुणी काकू अख्ख्या सोसायटीसाठी एका नंबरवरून अकरा पाकिटं मागवतात. त्या अकरा घरांना तुमचा मसाला आवडतो, पण यादीत एकटी काकूच दिसते. म्हणून प्रामाणिक माणसाला ‘ग्राहक’ म्हणता येत नाही, ‘इतक्या मोबाइल नंबरांवर पाकीट पोचलं’ म्हणावं लागतं. फुग्यांवर हे लिहून बघा.

त्याहून वाईट प्रश्न: यातले अजून किती आहेत? अर्धा किलोचं पाकीट चार माणसांच्या घरात महिना-दोन महिने पुरत असेल. चौदा महिन्यांपूर्वी एकदा नेऊन पुन्हा न फिरकलेलं घर तुमचं ग्राहक आहे की तुमच्या शेजारच्या ब्रँडचं? दूरसंचार नियामक ट्रायसुद्धा दर महिन्याला मोबाइल कंपन्यांच्या एकूण ग्राहकांशेजारी व्हीएलआरप्रमाणे, म्हणजे नेटवर्कवरच्या नोंदीप्रमाणे, चालू असलेल्यांचा वेगळा आकडा देते. ड्रॉवरमध्ये पडलेलं सिम पहिल्यात धरलं जातं, दुसऱ्यात नाही. सुदैवाने मसाल्याला ट्राय नाही.

वहिनींनी मात्र स्वतःच ट्राय व्हायचं ठरवलं आणि लिहिलं: ‘आजवर ४,४०० मोबाइल नंबरांवर आमचा मसाला पोचला. त्यातल्या १,५०० जणांनी पुन्हा मागवला. परत आलेल्या आणि रद्द झालेल्या ऑर्डर यात धरलेल्या नाहीत. मागच्या पावसाळ्यात ज्यांच्या पाकिटांचं सील सुटलं होतं, त्यांनी फोटो पाठवले म्हणून आम्ही पाऊच बदलला. त्यांचे विशेष आभार.’ आकडे आपले गोल केलेले, पण मजकूर असाच. फुगे नाहीत. ‘परिवार’ नाही. भाचा नाराज.

तुम्ही असलं काही करू नका. तुम्ही आभाराचा व्हॉट्सअ‍ॅप संदेश एका झटक्यात अख्ख्या यादीला पाठवा, रद्दवाले, आरटीओवाले, सगळे धरून: ‘आमच्या परिवाराचा भाग झाल्याबद्दल धन्यवाद! चव कशी वाटली?’ पहिलं उत्तर दोन मिनिटांत येईल, बहुधा त्या तेराशेंतल्याच कोणाचं:

‘अहो, कुरियरवाला आलाच नव्हता. पाकीट कुठंय?’