हवेत थांबला म्हणून केस्ट्रेल होत नाही आणि मिशी दिसली म्हणून बहिरी ससाणा होत नाही

"शिकारी पक्षी ओळखायची सोप्पी ट्रिक. हवेत एका जागी फडफडत थांबला की केस्ट्रेल. डोळ्याखाली काळी मिशी असली की बहिरी ससाणा. आणि बसलेल्या पक्ष्याच्या पंखाचं टोक शेपटीच्या टोकापर्यंत पोचत नसेल तर डोळे झाकून हॅरियर लिहा."

पक्ष्यांच्या फोटोंना नाव देताना असे नियम सांगितले जातात, पण तिन्ही फसवे आहेत. पहिल्या नियमापासून सुरू करू कारण सगळ्यात जास्त फोटो तिथेच चुकतात. आपल्याकडे माळावर, शेताच्या कडेला हवेत थांबून खाली बघणारा पक्षी दिसला तर तो कापशी असण्याची शक्यता भरपूर असते, तीच ती लाल डोळ्यांची पांढरी-राखाडी घार जी विजेच्या तारेवर बसून शेपटी वरखाली करते. सापमार गरुडसुद्धा एवढा मोठा असून हवेत थांबतो, आणि हॅरियर म्हणजे भोवत्या, तोही गवतात उंदीर हलला की क्षणभर जागेवर फडफडतो. त्यामुळे थांबणं ही सवय झाली, ओळख नाही. ओळख बघायची तर शेपटी बघा. केस्ट्रेल म्हणजे खरुची थांबते तेव्हा लांब शेपटी पंख्यासारखी पसरते आणि तिच्या टोकाजवळ जाड काळा पट्टा स्पष्ट दिसतो, अगदी कडेला पांढरी किनार. पाठ विटकरी. कापशीची शेपटी आखूड, पांढरट, पट्टा नाहीच, पंख वर उचललेले आणि बऱ्याचदा पाय खाली लोंबत असतात.

कापशीचीच दुसरी गडबड म्हणजे फिका पक्षी, पंखांची टोकं काळी, की लगेच खाली कुणीतरी "पॅलिड हॅरियर नर" लिहितं. पॅलिडच्या नराच्या पंखाच्या टोकाला काळी पाचर असते खरी, पण खांद्यावर काळं काही नसतं. कापशीच्या खांद्यावर मोठा काळा डाग असतो, वरून किंवा बसलेला फोटो असेल तर तो लपत नाही.

अजून एक, एकाच फोटोवरून पक्षी थांबलाय हे ठरवताच येत नाही. १/२००० शटरला सरळ उडत जाणारा पक्षीही स्थिर दिसतो. बर्स्टमधल्या पाचसहा फ्रेम एकामागून एक बघा, मागचं झाड किंवा डोंगराची रेघ आणि पक्षी यांच्यातलं अंतर तेच राहिलं आणि डोकं एका जागी खिळल्यासारखं असलं तर तो थांबलाय. आणि थांबलेल्या खरुचीच्या पंखाच्या आकारावर भरवसा ठेवू नका, कारण त्या वेळी बाहेरची पिसं फाकतात, टोक बोथट दिसतं, मधे फटी पडतात आणि लोक "बोटं दिसतायत म्हणजे ससाणा गट नाही" म्हणून मोकळे होतात. पंखाचं टोक मोजायचं ते तरंगत जाणाऱ्या पक्ष्याचं. तेव्हा ससाण्यांचं टोक एकसंध निमुळतं असतं, हॅरियरला वेगळी बोटं दिसतात, पॅलिड आणि माँटेग्यूला चार, दलदली हॅरियरला पाच. चार बोटांचे दोघे लांबून चक्क ससाण्यासारखे टोकदार वाटतात, हे मात्र लक्षात ठेवा.

आता मिशी. खरुचीलाही मिशी असते, नर मादी दोघांना, डोळ्यापासून खाली उतरणारी एक बारीक काळी रेघ. लग्गड ससाण्याला असते, तीही बारीक. म्हणजे मिशी सांगते की हा बहुतेक ससाण्यांच्या कुटुंबातला आहे, कोणता ते सांगत नाही. बहिरीची मिशी रुंद आणि ठसठशीत असते, आणि सह्याद्रीच्या कड्यांवर राहणारा शाहीन, जो बहिरीचाच आपल्याकडचा प्रकार, त्याचं तर अख्खं डोकं आणि गाल शिरस्त्राण घातल्यासारखे काळे, खाली पोट तांबूस. उलट बाजूने, लेसर केस्ट्रेल हा खरुचीसारखाच पण वेगळा ससाणा, त्याच्या प्रौढ नराला मिशी नसतेच, म्हणून "मिशी नाही म्हणजे ससाणा नाही" हेही चालत नाही.

इथे एक फोटो सविस्तर सांगते, कारण मिशीचा घोळ त्यात नीट कळतो. जानेवारीत पुणे जिल्ह्यातल्या गवताळ माळाजवळ, नांगरलेल्या शेतात ढेकळावर बसलेला तपकिरी पक्षी. पोट नारिंगी तपकिरी आणि एकही रेघ नाही. डोळ्याखाली गडद डाग, म्हणून फोटो "बहिरी ससाणा, पिल्लू" या नावाने फिरत होता. मी चेहरा झूम केला. डाग डोळ्यापासून खाली उतरत नव्हता, तो कानाच्या जागेवर मागे वळलेला होता, चंद्रकोरीसारखा. डोळ्याच्या वर आणि खाली पांढरं, आणि कोरीच्या मागे कानशिलापासून गळ्यापर्यंत फिकट पट्टा, कॉलर घातल्यासारखा, त्याच्या मागे मानेची बाजू परत गडद. हा चेहरा ससाण्याचा नाही, घुबडासारखी चकती आहे, आणि अशी चकती हॅरियरला असते. खात्रीसाठी डोळ्याभोवती बघितलं. ससाण्यांना डोळ्याभोवती उघड्या कातडीचं कडं असतं, प्रौढांमध्ये पिवळं, पिल्लांमध्ये बऱ्याचदा निळसर, या पक्ष्याला ते नव्हतंच. डोळा गडद होता म्हणून लोक ससाणा म्हणत होते, पण हॅरियरच्या पिल्लांचे डोळेही गडद असतात. पाय लांब आणि बारीक, अंग पुढे झुकलेलं, जवळजवळ आडवं. बहिरी बसते ती ताठ, खांदे रुंद, अंग खाली निमुळतं. फिकट कॉलर आणि मागची गडद मान बघून मी त्याला पॅलिडचं पिल्लू म्हटलं. माँटेग्यूच्या पिल्लाला अशी स्वच्छ कॉलर नसते.

याच फोटोत तिसऱ्या नियमाचंही उत्तर आहे. पंखाचं टोक शेपटीच्या टोकाच्या बरंच आधी संपत होतं, आणि पॅलिडचं साधारण तसंच असतं. पण माँटेग्यू बसलेला असेल तर त्याचे पंख शेपटीच्या टोकाला जवळपास टेकतात, म्हणजे तोच नियम लावला तर माँटेग्यू हॅरियर राहतच नाही. आणि तारेवर बसलेली साधी खरुची घ्या, तिचे पंख शेपटीच्या बरेच आधी संपतात, शेपटीचा शेवट उघडा राहतो, म्हणजे या नियमाने ती हॅरियर झाली! पंख आणि शेपटीची तुलना कामाची आहे, पण कुटुंब ठरल्यानंतर. बहिरीचे पंख शेपटीला टेकतात किंवा जवळ पोचतात, खरुचीचे नाही. लेसर केस्ट्रेलचे खरुचीपेक्षा स्पष्ट पुढे येतात, आणि जवळचा फोटो असेल तर नखंही बघा, लेसरची फिकट, खरुचीची काळी.

आणि हे मोजायचं तर पक्षी कॅमेऱ्याला आडवा हवा. पाठमोरा, शेपटी तुमच्याकडे असेल तर लांबीचा अंदाज चुकतो. पिसं गळतीला लागली असतील किंवा पिल्लाची लांब पिसं पुरी वाढलेली नसतील तर पंख खरोखरच आखूड असतात, तेव्हा मधे एखादं अर्धवट वाढलेलं पीस दिसतंय का ते शोधा. दिसलं तर पंखाचं माप सोडून द्या आणि परत चेहऱ्याकडे या. चेहराही अंधारात असला तर "हॅरियर, पॅलिड किंवा माँटेग्यू" एवढंच लिहा, मी तेवढंच लिहिते.