आपल्या आधी आपला वास पोचावा म्हणून

परफ्यूम लावायचा तो इतरांना कळावा म्हणून. ज्याला कळवायचंच नाही त्याने आंघोळ करून गप्प बसावं. एवढी भूमिका पक्की केलीत की दिवसा कुठला, रात्री कुठला, सुतीवर कुठला, लोकरीवर कुठला असल्या किरकोळ प्रश्नांतून तुम्ही मोकळे व्हाल. एक बाटली घ्यायची, तीही दुकानातल्या सगळ्यात जड वासाची, आणि जन्मभर तिच्याशी एकनिष्ठ राहायचं.

बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते वाचू नका. काही लोक वाचतात. ‘ओ द कोलोन’ असेल तर सुगंधी अर्क साधारण २ ते ४ टक्के, ‘ओ द ट्वालेट’ असेल तर ५ ते १५, ‘ओ द परफ्यूम’ असेल तर १५ ते २०, आणि नुसतंच ‘परफ्यूम’ असेल तर त्याहून जास्त. उरलेलं बहुतेक अल्कोहोल. कंपनीगणिक हे आकडे थोडे हलतात. ही वाचणारी मंडळी मग दिवसा पहिल्या दोन प्रकारांतलं काहीतरी दोन फवारे मारतात आणि वर त्याला निवड म्हणतात. तुम्ही मात्र टक्का जेवढा जास्त तेवढे फवारेही जास्त, हा साधा हिशेब ठेवा.

आता एक अख्खा दिवस नीट आखू. सकाळी ११ वाजता बैठक आहे: खोली लहान, खिडक्या बंद, माणसं आठ, वेळ दोन तास. संध्याकाळी साडेसातला समारंभ आहे, तोही उघड्यावर, गार हवेत. सकाळी पांढरा सुती शर्ट आणि वर लोकरीचा कोट. संध्याकाळी कोट तोच, आतला शर्ट तेवढा रेशमी. बाटलीत अंबर, उद आणि व्हॅनिला.

सकाळी ८ वाजता आठ फवारे मारा. खोलीत आठ माणसं आहेत, म्हणजे माणशी एक. अन्याय कुणावरच नाही. मारल्यावर लगेच हुंगून पाहिलंत तर अल्कोहोलच्या झुळकेबरोबर थोडं लिंबू, थोडं संत्र्याचं साल असं काहीतरी मोकळं लागेल. हा भाग फसवा असतो. हलके रेणू भरभर उडतात, पाव-अर्ध्या तासात ही सगळी मंडळी निघून जातात. मधली फुलं दोन-चार तास टिकतात. आणि तळाला जे बसलेलं असतं, म्हणजे अंबर, उद, व्हॅनिला, चंदन, कस्तुरीच्या जातीचे वास, ते जड रेणू सावकाश उठतात आणि दिवसभर उठतच राहतात. म्हणजे ८ वाजता लावलेल्या परफ्यूमचा खरा मुक्काम ११ वाजताच सुरू होतो, नेमका तुमची बैठक सुरू होते तेव्हा. दुकानात कागदी पट्टी हुंगून पाच मिनिटांत बाटली विकत घ्यायची ती याचसाठी. त्वचेवर लावून तीन-चार तास वाट पाहिली तर विनाकारण माहिती मिळते.

खोली गरम असेल तर दुधात साखर. उष्णतेने बाष्पीभवन वाढतं, कोटाखाली अंग तापतं, आणि प्रत्येक हालचालीबरोबर कॉलरमधून एक गरम झोत वर येतो. भर उन्हाळ्याच्या दुपारी उद लावणाऱ्याला याचं पूर्ण फळ मिळतं. गार, मोकळ्या हवेत तेच आठ फवारे निम्मेसुद्धा जाणवत नाहीत. म्हणून जड वास नेहमी तापलेल्या, कोंडलेल्या जागेसाठी राखून ठेवावा. लिफ्ट, मोटार, विमान, दवाखान्याची प्रतीक्षाखोली या जागा तर खास. तिथे दमेकरी किंवा अर्धशिशी असलेला माणूस शेजारी सापडण्याची शक्यताही चांगली असते, आणि तीव्र वासाने अशा माणसांना खरोखर त्रास सुरू होऊ शकतो. तुमचा परफ्यूम लक्षात राहण्याचा याहून खात्रीचा मार्ग नाही.

साडेदहाच्या सुमाराला मात्र एक घात होतो. मनगट नाकाशी नेता आणि काहीच येत नाही. घाबरून जाऊ नका, पण अक्कलही वापरू नका. सतत येणाऱ्या वासाची नाक थोड्याच वेळात दखल घेणं सोडतं. स्वतःच्या घराचा वास आपल्याला येत नाही तो याच कारणाने. शिवाय कस्तुरीच्या काही कृत्रिम रेणूंचा वास काही जणांना मुळातच येत नाही, शेजाऱ्याला मात्र येतो. शहाणा माणूस अशा वेळी बाहेरून नुकत्याच आलेल्या कुणाला तरी विचारतो, ‘हातभर लांबून येतोय का?’ येत असेल तर झालं तेवढं पुष्कळ, असं त्याचं म्हणणं. तुम्ही विचारायच्या फंदात पडू नका. आपलं नाक हेच प्रमाण मानून स्वच्छतागृहात जा आणि आणखी तीन मारून या.

बैठकीत यशाच्या खुणा ओळखायला शिका. कुणीतरी उठून खिडकीची कडी शोधेल. शेजारचा खुर्ची मागे घेईल आणि म्हणेल, ‘इथून पडदा नीट दिसतो.’ समोरच्या बाई रुमाल नाकाशी धरतील, त्यांना सर्दी असेल. कुणी विचारलं, ‘कुठला लावलायस?’ तर प्रश्न किती अंतरावरून आला ते बघू नका. हातभर अंतरावरून आला तर कौतुक असतं. टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आला तर चौकशी असते. तुम्ही दोन्हीला हसून नाव सांगा.

अशाच बैठकीला येणारा एक बेचव मनुष्य मला माहीत आहे. सकाळी तो लिंबू-संत्र्याच्या फुलाचं किंवा वाळ्याचं हलकं ट्वालेट घेतो, शर्ट घालायच्या आधी छातीवर दोन फवारे मारतो, वर शर्ट घालतो आणि बस्स. कापडाखालून वास गाळून येतो म्हणे. कोटाला तो हातच लावत नाही. दुपारी दोन-तीनपर्यंत त्याच्या अंगावर जवळजवळ काही उरत नाही, आणि याचा त्याला आनंद होतो! कारण संध्याकाळी जे लावायचं त्याला पाटी कोरी मिळते. दुपारच्या जेवणालाही त्याच्या टेबलावरच्यांना जेवणाचाच वास येतो. चव म्हणून आपण जे सांगतो त्यातलं बरंचसं नाकाचं काम असतं, हे त्याला ठाऊक आहे. असल्या माणसाची आठवण कुणी काढत नाही. फक्त त्याच्या शेजारची खुर्ची कधी रिकामी नसते.

दुपारी उन्हात जायचं असेल तर मानेवर शुद्ध नैसर्गिक बर्गमॉट तेल चोळून निघा. त्यात बर्गॅप्टेन नावाचा घटक असतो; तो त्वचेवर असताना ऊन लागलं की भाजल्यासारखं होतं आणि मागे तपकिरी ओघळ राहतात, कधी कधी महिनोन्‌महिने. आजकालच्या बहुतेक बाटल्यांतून हा घटक काढून टाकतात किंवा अगदी कमी ठेवतात, तेव्हा खास ‘काहीही काढलेलं नाही’ असं अभिमानाने लिहिलेलं तेल शोधावं लागेल.

आता संध्याकाळ. तुम्ही सकाळी कोटावरही मारलं होतंत ना? उत्तम. लोकर वास धरते आणि दिवसेंदिवस सोडत नाही. त्वचेवरचा वास घामाने, साबणाने, वेळेने जातो. कोटातला अंबर मात्र पुढच्या आठवड्यालाही तुमच्याबरोबर असतो. त्यावर आता एकनिष्ठा क्षणभर विसरून मोगऱ्याचा काहीतरी गोड परफ्यूम मारलात की दोन्हींच्या मिश्रणातून तिसरा वास तयार होतो. तो बाटलीत कुणी भरत नाही, म्हणजे तो सर्वस्वी तुमचा.

रेशमी शर्टावर मारताना बाटली कापडाला टेकवा. वीतभर अंतर ठेवलं तर फवारा पसरतो आणि डाग पडायची संधी कमी होते. टेकवून मारलं की अर्कातली तेलं आणि रंग एकाच ठिकाणी उतरतात, आणि फिकट रेशमावर पिवळसर वर्तुळ उमटतं. गडद रंगाच्या परफ्यूमने ते अधिक ठसठशीत येतं. सावध लोक शिवणीच्या आत, दिसणार नाही अशा जागी आधी एक थेंब टाकून पाहतात, किंवा रेशमाच्या दिवशी फक्त त्वचेवर लावून वाळेपर्यंत थांबतात. गळ्यात मोती असतील तर ते आधी घालून मग फवारा: अल्कोहोलने मोत्याची झिलई उतरते, ती परत येत नाही.

आणि हो, संध्याकाळचा समारंभ उघड्यावर, गार हवेत, माणसं लांब लांब. इथे सकाळच्या त्या अंबरचे तीन-चार फवारे खरं म्हणजे शोभले असते. निघायच्या अर्धा तास आधी मारले की अल्कोहोलचा पहिला भपका घरीच राहतो, आणि जाड कापड व थंडी मिळून बाकीचं सावकाश सुटतं. म्हणूनच इथे तुम्ही कोलोन लावायचं. वाटेतच उडून जाईल.

त्या बेचव मनुष्याने मात्र साडेसातला अंबरच लावला होता. पण पुढच्या आठवड्यात रात्रीच्या नाटकाला येताना पुन्हा सकाळचंच हलकं ट्वालेट, फक्त एक फवारा. मी त्याला म्हटलं, ‘अरे, रात्र आहे!’ तो म्हणाला, ‘रात्र आहे, पण खुर्ची खुर्चीला लागून आहे. अडीच तास शेजारच्याला पळता येणार नाही.’ घड्याळाकडे न बघता छताकडे आणि शेजारच्या खुर्चीकडे बघून बाटली उचलायची, ही त्याची पद्धत. अशाने संध्याकाळचे म्हणून विकले जाणारे परफ्यूम खपायचे कसे?

एवढं करूनही कुणी उघडच म्हणालं की जरा जास्त झालंय, तर वरून दुसरा, त्याहून जड परफ्यूम मारावा. काही लोक वेगळंच सांगतात: बिनवासाचं तेल किंवा लोशन चोळून पुसायचं, मग साबणाने धुवायचं, कारण नुसत्या पाण्याने तेलकट अर्क हलत नाही, आणि शर्ट बदलायचा. कोट रात्रभर हवेशीर जागी टांगायचा आणि पूर्ण वास जाईपर्यंत कपाटात घालायचा नाही. तुम्ही तो सरळ कपाटात ठेवा, मुलाखतीसाठी राखलेल्या नव्या शर्टाला अगदी चिकटून.