बूट कोणी आणले?

आमच्या घरात एकदम समानता आहे असं मी चारचौघांत छातीठोकपणे सांगायचो, अगदी परवापरवापर्यंत. दोघांचीही फुलटाइम नोकरी, दोघंही संध्याकाळी सारखेच पिळून घरी येणार, आणि रात्रीची भांडी मी घासतो. हे भांड्यांचं मी कोणी न विचारताही सांगतो.

तर एका रविवारी वाद घालता घालता बायको म्हणाली, बास, दोघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर लिहू, घरचं आणि पोरीचं धरून एकूण कामातलं आपण किती टक्के करतो ते, आणि कॉपी नाही करायची. मी जरा विनय दाखवून ४५ लिहिले. तिने ८५. बेरीज १३०. म्हणजे आमच्या घरात तीस टक्के काम असं आहे जे कधी झालंच नाही तरी ते दोघांनीही करून ठेवलंय!

मी लगेच मोबाईलवर शोधाशोध केली (भांडणात हरायला लागलं की माझ्यातला संशोधक जागा होतो) आणि सापडलं की. रॉस आणि सिकोली नावाच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच नवरा-बायकोंना असं वेगवेगळं विचारलं होतं, आणि बहुतेक जोडप्यांची बेरीज शंभराच्या वर गेली होती. कारण साधं आहे, आपण केलेलं काम आपल्यासमोर झालेलं असतं त्यामुळे ते पटकन आठवतं, दुसऱ्याचं आपण पाहिलेलंच नसतं. मी विजयी मुद्रेने म्हणालो, "बघ, फुगवून सांगतात दोघंही."

"मान्य," ती म्हणाली, "मग तुला नीट आठवतंय असं एखादं काम घे. तू केलेलं."

मी म्हणालो, बूट. पोरीचे शाळेचे बूट मागच्या आठवड्यात मी आणले होते, ऑफिसातून येताना वाट वाकडी करून. पोरगी "बाबांनी बूट आणले!" म्हणून घरभर नाचली होती आणि फोनवर माझी आई "किती करतो गं तो घरचं" असं बायकोलाच म्हणाली होती. पुरावा सज्जड होता.

मग बायकोने शांतपणे बूट पहिल्यापासून सांगायला घेतले.

तीन आठवड्यांपूर्वी तिच्या लक्षात आलं की पोरगी शाळेतून आली की दारातच बूट भिरकावते, आधी असं करायची नाही. मग अंघोळीच्या वेळी करंगळीवर लाल वळ दिसला. (त्या आठवड्यात दोनदा अंघोळ मी घातली होती, मला पाय दिसले होते, वळ नाही.) मग तिने बुटाचं टोक अंगठ्याने दाबून पाहिलं, पण त्याच्यावर विसंबायचं नसतं म्हणे, कारण आपण दाबलं की मुलं आत बोटं मुडपून घेतात आणि आपल्याला वाटतं भरपूर जागा आहे. म्हणून तिने बुटाच्या आतला सोल बाहेर काढून पोरीला त्याच्यावर उभं केलं. बोटं काठाच्या बाहेर. पुढे साधारण एक-सव्वा सेंटीमीटर जागा हवी, इथे उलटी उधारी होती.

मग माप. ते संध्याकाळी घ्यायचं कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. उभं करून घ्यायचं कारण वजन पडलं की पाय पसरतो. टाच भिंतीला, खाली कागद, आणि दोन्ही पायांचं, कारण दोन्ही पाय सारखे असतीलच असं नाही. आमच्या पोरीचा डावा चार मिलिमीटरने मोठा निघाला आणि धरायचा तो मोठाच. पाच वर्षं मी या पोरीचा बाप आहे आणि तिचा डावा पाय मोठा आहे ही बातमी मला या वादात कळत होती.

मग शाळेत कुठला रंग चालतो, नाड्या की वेल्क्रो, आणि पोरीला नाडी अजून बांधता येत नाही म्हणजे वेल्क्रोच. मग तीन पर्याय निवडून तिने मला फोटो पाठवले, "कुठले घेऊ या?" त्यावर मी अंगठा पाठवला. तीन पर्यायांना एक अंगठा. तिने परत विचारलं तेव्हा मी मीटिंगमधून लिहिलं, "मधले."

इथे माझा प्रवेश. मधले बूट मी उचलून आणले.

आणि त्यानंतरही बूट संपले नव्हते. आधी घरातल्या घरात चालवून बघितलं, कारण एकदा बाहेर घातले की परत करता येत नाहीत. टाच निसटते का ते बघितलं. पुढचे दोन दिवस पाय तपासले. आणि पुढच्या मापाची तारीख तिच्या डोक्यात नोंदवली गेली, कारण या वयात तीन-चार महिन्यांनी तपासावंच लागतं.

मी म्हणालो, "अगं पण मग मला सांगायचं ना."

"आता तेच करतेय. हेसुद्धा माझ्याच ८५ मध्ये धर."

रात्री मी भांडी घासून (सांगतोच) पुन्हा वाचत बसलो. डॅमिंजर नावाच्या समाजशास्त्रज्ञ बाईंनी ३५ जोडप्यांच्या मुलाखती घेऊन २०१९ मध्ये हेच मांडलंय. घरकामाच्या डोक्यातल्या भागाचे चार टप्पे: काय लागणार ते आधी ओळखणं, पर्याय शोधणं, ठरवणं, आणि नंतर लक्ष ठेवणं. ठरवायला बहुतेक वेळा दोघंही असतात, पण पहिला आणि शेवटचा टप्पा जास्त करून बाईकडेच. म्हणजे माझं "मधले" थेट तिसऱ्या टप्प्यात जाऊन बसत होतं. एका शब्दाचं योगदान, पण शास्त्रशुद्ध.

मग करार झाला. पोरीच्या पायाचं अख्खं खातं माझं. मी विचारायचं नाही, ती आठवण करणार नाही.

मी लगेच मोबाईलवर तीन महिन्यांनंतरचा रिमाइंडर लावला आणि निश्चिंत झालो. सात आठवड्यांनी शाळेत खेळांचा दिवस उजाडला. सकाळी साडेसहाला स्पोर्ट्स शूज काढले तर पोरीची टाच आत जाईना. मी खातं घेतलं होतं "बुटांचं", आणि माझ्या डोक्यात बूट म्हणजे मीच आणलेले काळे बूट. स्पोर्ट्स शूज हेही बूट असतात हे मला कोणी कळवलं नव्हतं. मी बायकोकडे बघितलं. तिला आठवडाभर आधीच माहीत होतं हे तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं, आणि गप्प राहायला तिला जे काही कष्ट पडले असतील ते टक्केवारीत धरावे लागतील. पोरगी काळे बूट घालून पळाली. सहा जणांत पाचवी आली. सहावीचा शेवटी पाय मुरगळला होता.

परवा रात्री अडीचला मला खाडकन जाग आली. सँडल. सँडल कधी बघितल्या शेवटच्या? मी बायकोला हलवलं, "अगं ऐक ना, सँडलचं माप..."

"कुणाचं खातं?" डोळे न उघडता एवढंच बोलून ती कुशीवर वळली आणि दुसऱ्या मिनिटाला घोरायला लागली. लग्नाला आठ वर्षं झाली, ती घोरते हे मला पहिल्यांदा कळलं. आजवर तिच्या आधी मीच झोपत असणार.

उठलो, मोबाईलच्या टॉर्चमध्ये सँडल शोधल्या, पोरीचं पांघरूण हळूच बाजूला केलं, डाव्या पायाला सँडल लावणार तेवढ्यात आठवलं, झोपलेल्या पायाचं माप चालत नाही, वजन पडावं लागतं. म्हणजे सकाळी. सकाळी पण नाही, संध्याकाळी. पांघरूण परत घातलं आणि संध्याकाळ व्हायची वाट बघत पडून राहिलो.